कुत्रा चावल्यावर: पंधरा मिनिटांचे धुणे आणि ०, ३, ७, २८ चा हिशेब

खडकी बाजार, बोपोडी, रेंज हिल्स या भागांतल्या वस्त्यांत आरोग्याच्या कामासाठी फिरताना आम्हाला घराघरांत एक कागद दिसतो. कुणी तो देव्हाऱ्याच्या जागी लावलेल्या बाबासाहेबांच्या फोटोमागे खोचलेला असतो, कुणी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलेला असतो. तो कुत्रा चावल्यानंतर दवाखान्यातून मिळालेला केसपेपर असतो. त्यावर इंग्रजी 'डी' अक्षरापुढे ०, ३, ७, २८ असे आकडे आणि दोन-तीन अक्षरी खुणा असतात. 'ताई, यात काय लिहिलंय?' असे विचारले की आम्ही आधी कागदावरच्या बरोबरच्या खुणा मोजतो. बहुतेक वेळा त्या दोनच भरतात. जखम सुकली, कामाचा खाडा नको म्हणून पुढचे दोन डोस राहून गेलेले असतात.

या महिन्याच्या आरोग्य पानावर आपण तो कागद वाचायला शिकू. दवाखान्यात जाण्याआधी घरी काय करायचे, दवाखान्यात काय मागायचे आणि कोणत्या तारखेला परत जायचे, एवढे तीनच विषय आहेत.

रोग अंगात कसा शिरतो

रेबीजचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. दात किंवा नख लागले की लाळेबरोबर ते जखमेत उतरतात. लगेच रक्तात मिसळून ते सगळीकडे पसरत नाहीत. काही काळ जखमेच्या जागीच राहतात, मग तिथल्या नसेत शिरतात आणि नसेच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला बहुतेकदा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभरातही होतो, कधी वर्षही लागते. चेहरा, डोके, मान आणि हाताची बोटे इथली जखम जास्त धोक्याची असते, कारण तिथे नसा दाट असतात किंवा मेंदू जवळ असतो.

विषाणू मेंदूत पोहोचला, पाणी गिळता येईना, वाऱ्याच्या झुळकीनेही घशात आचके येऊ लागले, की त्यानंतर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून सगळा उपचार लक्षणे दिसण्याआधी करावा लागतो, आणि वेळेवर केला तर तो फार भरवशाचा आहे.

उपचाराचे तीन भाग आहेत. पहिला, साबण आणि पाणी: हे जखमेतला विषाणू धुऊन काढतात. दुसरा, सीरम: धुऊनही जे उरले त्याला जखमेतच निकामी करते. तिसरा, लस: ही शरीराला स्वतःची ताकद तयार करायला लावते. पण लस घेतल्यावर ती ताकद पुरेशी व्हायला एक-दोन आठवडे जातात. तेवढे दिवस जखमेचे राखण धुणे आणि सीरम यांनीच करायचे असते.

पहिले काम: जखम धुणे

हे काम घरीच, चावल्याबरोबर करायचे. रिक्षा शोधण्याआधी, कुत्रा कुणाचा म्हणून भांडण्याआधी करायचे. क्रम असा:

१. जखम मोठी असून रक्त धार लागल्यासारखे वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा. थोडे रक्त येत असेल तर ते दाबत बसू नका, सरळ धुवायला घ्या.

२. नळाला पाणी असेल तर जखम धारेखाली धरा. नसेल तर पिंपातले किंवा हंड्यातले पाणी बादलीत घ्या. एकाने मगाने ओतायचे, दुसऱ्याने धुवायचे. आमचा हिशेब सोपा आहे: लिटरभराचा मग एका मिनिटात सावकाश रिकामा करायचा. पंधरा मिनिटांना पंधरा मग, म्हणजे एक बादली पाणी लागते. पाणी जाण्याची वेळ झाली असली तरी एक बादली बहुतेक घरांत निघते.

३. साबण कोणताही चालतो, अंगाचा किंवा कपड्याचा. या विषाणूवर चरबीसारख्या पदार्थाचे आवरण असते. साबण ते फोडतो, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा साबणाचे पाणी कितीतरी चांगले. फेस करून जखमेवर आणि जखमेच्या आत पाणी जाऊ द्या, पुन्हा साबण लावा, पुन्हा धुवा. ब्रशने किंवा दगडाने घासू नका.

४. मोबाइलवर वेळ लावा. पूर्ण पंधरा मिनिटे. मूल रडते म्हणून दोन मिनिटांत आटोपणे, ही आम्हाला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक आहे. दाताचे भोक वरून बारीक दिसते, पण आत खोल असते. पाणी तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

५. डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली असेल तर साबण वापरू नका. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा.

६. धुऊन झाल्यावर घरात पोव्हिडोन आयोडीनचे तपकिरी औषध असेल तर ते लावा. नसेल तर काही लावू नका. पट्टी बांधू नका, जखम उघडी ठेवून दवाखान्यात जा.

आपल्या बहुतेक घरांतून अंगारा, गंडा आणि मंतरलेले पाणी गेले. पण जखमेत मिरचीपूड, चुना, हळद, मिश्री, तेल भरायची सवय काही घरांत अजून आहे. मिरचीने आग झाली की 'विष जळाले' असे वाटते. प्रत्यक्षात त्या आगीने मांस दुखावते आणि विषाणू नसेत शिरायला मदतच होते. वरून जखम भरून टाकली की तिथे पाणीही पोहोचत नाही, आणि दवाखान्यात ती पूड आधी काढत बसावी लागते. कुणी आधीच असे काही भरले असेल तर रागावण्यात वेळ घालवू नका. ते साबणाने धुऊन काढा आणि पंधरा मिनिटे नव्याने मोजा.

मूल मार बसेल म्हणून चावल्याचे लपवते आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सांगते. तेव्हाही धुवायचे. उशीर झाला म्हणून धुणे सोडायचे नाही. आणि घरातल्या मुलांना आजच सांगून ठेवा: कुत्र्याने नख जरी मारले तरी घरी सांगायचे, कुणी ओरडणार नाही.

दुसरे काम: जखम कोणत्या वर्गातली हे ओळखणे

डॉक्टर जखमेचे तीन वर्ग पाडतात. केसपेपरवर ते 'कॅट' असे लिहून पुढे रोमन आकडा देतात. या 'कॅट'चा मांजराशी संबंध नाही, तो वर्ग आहे.

पहिला वर्ग: कुत्र्याला हात लावला, खायला घातले, किंवा त्याने धडधाकट कातडी चाटली. इथे हात साबणाने धुवायचे, लस लागत नाही.

दुसरा वर्ग: उघड्या कातडीला दातांनी हलके कुरतडले, किंवा ओरखडा उठला पण रक्त आले नाही. इथे लस लागते.

तिसरा वर्ग: दात किंवा नख कातडीच्या आत गेले, रक्त आले, मग ते एका थेंबाएवढे का असेना. आधीच्या फुटलेल्या जखमेवर कुत्र्याने चाटले, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात गेली, तरी हाच वर्ग. इथे लस आणि सीरम दोन्ही लागतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातला फरक रक्ताचा आहे. म्हणून दवाखान्यात गेल्यावर 'चावलं' एवढेच सांगू नका, 'रक्त आलं होतं' हे आवर्जून सांगा. तुम्ही नीट धुऊन गेलेले असता, त्यामुळे रक्त तिथे दिसत नाही.

एचआयव्हीसाठी औषधे घेणारे, कर्करोगाचा उपचार चालू असलेले किंवा बराच काळ स्टिरॉइड घेणारे यांनी ते आधी सांगावे. त्यांना दुसऱ्या वर्गातही सीरम द्यावे लागते.

कुत्र्याचे पिल्लू होते, गल्लीतला ओळखीचा कुत्रा होता, मालकाने त्याला लस दिली आहे, या कारणांनी घरी थांबू नका. मांजर, माकड आणि मुंगूस यांच्या चाव्यालाही हेच नियम आहेत.

तिसरे काम: दवाखान्यात काय मागायचे

आपल्या भागाची अडचण अशी की थोडक्या अंतरात तीन कारभार आहेत. खडकी कॅन्टोन्मेंटची, बोपोडी पुणे महापालिकेची आणि नदीपलीकडची दापोडी पिंपरी-चिंचवडची. कुत्रा कुठे चावला यावर दवाखाना ठरत नाही. जवळचा गाठायचा. खडकीतल्या लोकांना कॅन्टोन्मेंटचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय जवळ आहे. त्यापुढची मोठी सरकारी ठिकाणे म्हणजे औंधचे जिल्हा रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि ससून. खिडकीवर दोन प्रश्न विचारा: 'रेबीजची लस आहे का?' आणि रक्त आले असेल तर 'सीरम आहे का?' लस बऱ्याच ठिकाणी मिळते, सीरम सगळीकडे नसते. सीरम नसेल तर लसीचा पहिला डोस तिथेच घ्या, आणि सीरमसाठी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

आता केसपेपरवरच्या खुणा वाचू.

'टीटी' किंवा 'टीडी' म्हणजे धनुर्वाताचे इंजेक्शन. ते गरजेचे असते, पण त्याने रेबीज थांबत नाही. वस्तीजवळच्या छोट्या दवाखान्यात हे एक इंजेक्शन घेऊन 'कुत्र्याचं इंजेक्शन झालं' असे समजून घरी बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. म्हणून कागदावर पुढची खूण आहे का ते बघा.

'एआरव्ही' म्हणजे रेबीजची लस. ही खूण नसेल तर लस मिळालेली नाही.

'आरआयजी' म्हणजे सीरम. घोड्यापासून बनवलेले असेल तर आधी 'ई' आणि माणसाच्या रक्तापासून बनवलेले असेल तर 'एच' लावतात. सीरम जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. ते दुखते, पण ते तिथेच पोहोचायला हवे. दंडावर टोचून जखम कोरडी ठेवली तर उपयोग होत नाही. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मुलाचे वजन करून घ्या. सीरम एकदाच लागते.

'आयडी' म्हणजे लस कातडीत दिली. 'आयएम' म्हणजे लस स्नायूत दिली. सरकारी रुग्णालयांत बहुतेक ठिकाणी कातडीत देतात. दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिली, म्हणजे अगदी एक-दोन थेंब. 'इतकंसं औषध? बाकीचं ठेवून घेतलं,' असा संशय लोकांना येतो. कातडीत शरीराचे पहारेकरी दाट असतात, त्यामुळे थोड्या लसीतही काम होते. बरोबर दिल्याची खूण तुम्हालाही दिसते: टोचल्या जागी लगेच वाटाण्याएवढा फुगवटा येतो आणि त्यावरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. फुगवटा आला नाही तर सिस्टरना तिथल्या तिथे दाखवा, त्या शेजारी पुन्हा देतील.

स्नायूतली लस मोठ्यांना दंडात आणि लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. कमरेखाली मागे ही लस कधीही द्यायची नसते, कारण तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही. कुणी तिथे देऊ लागले तर 'दंडात द्या' असे स्पष्ट सांगा.

जखमेला टाके घालायची घाई नको. टाक्याच्या सुईने विषाणू आणखी आत जाऊ शकतो. चेहऱ्यावरची मोठी जखम असेल आणि टाके टाळता येत नसतील, तर आधी जखमेत सीरम, मग थोडा वेळ जाऊ देऊन सैल टाके, असा क्रम असतो.

पोटात चौदा इंजेक्शने ही जुन्या माणसांच्या तोंडी असलेली गोष्ट खरी होती. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती, आणि भारतात तिचे उत्पादन २००४ साली बंद झाले. आज पोटात काही टोचत नाहीत.

चौथे काम: तारखा काढणे

सगळा गोंधळ इथे होतो. 'डी' म्हणजे दिवस. ० म्हणजे लसीचा पहिला डोस घेतला तो दिवस. चावला तो दिवस नव्हे. पुढचे आकडे त्या शून्यापासून किती दिवसांनी यायचे ते सांगतात.

कातडीतली लस: ०, ३, ७, २८. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन टोचण्या.

स्नायूतली लस: ०, ३, ७, १४, २८. पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत एक टोचणी.

आकडे पाठ करण्यापेक्षा वार लक्षात ठेवणे सोपे आहे. ७, १४ आणि २८ हे सगळे साताच्या पाढ्यातले आहेत, म्हणून ते पहिल्या डोसाच्याच वारी येतात. वेगळा वार फक्त दुसऱ्या डोसाचा. पहिला डोस सोमवारी असेल तर दुसरा गुरुवारी, तिसरा पुढच्या सोमवारी आणि शेवटचा पहिल्या सोमवारनंतर चार आठवड्यांनी, सोमवारीच.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा, सात वर्षांची मुलगी आहे, वजन २० किलो. शनिवारी ३ जानेवारीला खेळताना गल्लीतला कुत्रा तिच्या पोटरीला चावला. दोन दातांची भोके पडली, थोडे रक्त आले. तिने फ्रॉकने पुसून लपवले. रविवारी रात्री आईला दिसले. आईने त्याच वेळी साबणाने पंधरा मिनिटे धुतले आणि तिला रुग्णालयात नेले. रात्री तिथे धनुर्वाताचे इंजेक्शन मिळाले आणि 'लसीला सकाळी या' असे सांगितले. कागदावर 'टीटी' आहे, 'एआरव्ही' नाही, म्हणजे उपचार अजून सुरू झालेला नाही. सोमवारी ५ जानेवारीला सकाळी लस मिळाली. हाच तिचा शून्य दिवस.

पुढच्या तारखा:
दुसरा डोस: ५ अधिक ३, गुरुवार ८ जानेवारी.
तिसरा डोस: ५ अधिक ७, सोमवार १२ जानेवारी.
शेवटचा डोस: ५ अधिक २८, सोमवार २ फेब्रुवारी.

चावल्याच्या दिवसापासून मोजले असते तर शेवटची तारीख ३१ जानेवारी निघाली असती, ती चूक.

रक्त आले होते, म्हणून तिसरा वर्ग, म्हणून सीरम. घोड्याच्या सीरमची मात्रा दर किलोला ४० युनिट असते. २० किलोला ८०० युनिट. ५ मिलीच्या बाटलीत १५०० युनिट असतील तर तिला साधारण २.७ मिली लागेल, आणि ते पोटरीच्या त्या दोन भोकांत आणि भोवती जाईल. पहिल्याच दिवशी मिळाले तर उत्तम. मिळाले नाही तर पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंत, म्हणजे तिच्या बाबतीत १२ जानेवारीपर्यंत, ते देता येते. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर लसीची स्वतःची ताकद तयार होऊ लागते. तरी सात दिवस आहेत म्हणून थांबायचे नाही. सीरमचे काम पहिल्या दिवसांतच असते.

डोस चुकला तर

समजा, हीच मुलगी लग्नाला गावी गेली आणि १२ तारखेचा डोस राहिला. गावाहून येईपर्यंत थांबायची गरज नाही. केसपेपर बरोबर नेला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढचा डोस घेता येतो. एका ठिकाणी सुरू केलेली लस दुसरीकडे पूर्ण करता येते. फक्त 'आयडी' की 'आयएम' हे तिथे दाखवा, म्हणजे तीच पद्धत पुढे चालू ठेवता येईल.

ती १५ तारखेला परत आली, तर त्याच दिवशी तिसरा डोस घ्यायचा. पहिल्यापासून सुरुवात करायची नाही आणि सोडूनही द्यायचे नाही. उरलेल्या डोसांमधले अंतर तेवढेच ठेवतात. तिसऱ्या आणि चौथ्या डोसात २१ दिवसांचे अंतर होते, म्हणून शेवटचा डोस ५ फेब्रुवारीला जाईल. बदललेली तारीख सिस्टरकडून कागदावर लिहून घ्या.

डोसाच्या दिवशी रविवार किंवा सुट्टी आली तर आधीच विचारून ठेवा. अपघात विभागात मिळत असेल तर तिथे, नाहीतर लगेच दुसऱ्या दिवशी. ठरलेल्या तारखेच्या आधी घेऊ नका.

रोजंदारी बुडते ही खरी अडचण आहे. त्यावर काही वस्त्यांत बायकांनी सोय काढली: ज्या घरातले कुणी लसीला जाणार, त्याच्या तारखा शेजारच्या एका घरीही लिहून ठेवायच्या. आई कामावर असेल तर शेजारीण मुलाला नेते. कागद बरोबर असला की झाले.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष

ओळखीचा कुत्रा असेल तर त्याला मारू नका, हाकलून देऊ नका. दहा दिवस तो दिसत राहिला पाहिजे. चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू असेल तर तो या दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. हा नियम कुत्रा आणि मांजर यांच्यापुरताच आहे.

पण कुत्रा बघत बसून लस थांबवायची नाही. वरच्या मुलीचे दहा दिवस १३ जानेवारीला संपतात. तोवर तिचे तीन डोस झालेले असतात. म्हणजे कुत्रा धडधाकट राहिला तरी प्रश्न फक्त शेवटच्या डोसाचा उरतो. तोही घेऊन टाकावा, पुढच्या चाव्याच्या वेळी तो कामाला येतो. कुत्रा मेला, वेडावाकडा वागू लागला किंवा गायब झाला, तर एकही डोस चुकवायचा नाही, आणि ते डॉक्टरांना सांगायचे.

पुन्हा कुत्रा चावला तर

ज्याचा पूर्वी सगळा कोर्स झाला आहे आणि कागद जवळ आहे, त्याला पुन्हा चावल्यावर दोनच डोस लागतात, ० आणि ३ या दिवशी. सीरम लागत नाही. पंधरा मिनिटे धुणे मात्र तसेच. कागद हरवला तर डॉक्टरांना सगळा कोर्स नव्याने द्यावा लागतो, सीरमसकट. म्हणून हा कागद जन्मदाखल्याच्या पिशवीत ठेवा.

नेहमी विचारले जाणारे

गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला, तान्ह्या बाळाला लस देता येते का? येते. डोस आणि तारखा त्याच, थांबण्याचे कारण नाही.

पथ्य काय? काही नाही. मटण, अंडी, आंबट, सगळे चालते.

इंजेक्शनच्या जागी लाली, खाज किंवा बारीक ताप आला तर? तो आपोआप जातो. पुढचा डोस त्यासाठी सोडू नका.

चावून महिना झाला, काही घेतलेले नाही, आता काय? आजच जा. हा रोग महिनोन्महिने लपून राहू शकतो, म्हणून लस सुरू करायला उशिराची मर्यादा नाही.

हे कापून दाराच्या आत लावा

१. साबण आणि पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटे. मिरची, चुना, हळद, तेल, पट्टी नाही.
२. त्याच दिवशी दवाखाना. 'रक्त आलं होतं' हे सांगा.
३. कागदावर 'एआरव्ही' आहे का बघा. रक्त आले असेल तर 'आरआयजी' पण.
४. लस दंडात किंवा लहान मुलाच्या मांडीत. कमरेखाली मागे नाही.
५. पहिला डोस झाला तो दिवस ०. त्यापुढे ३, ७, २८. स्नायूतली असेल तर १४ पण.
६. माझा पहिला डोस, वार ________, तारीख ________. दुसरा ________. तिसरा ________. चौथा ________. पाचवा (फक्त स्नायूतल्या लसीला) ________.
७. डोस चुकला तर लगेच घ्या, सुरुवातीपासून नाही.